काळ्या बुरुजाला पांढरी किनार

वरचं बोरी धरण भरून वाहायला लागलं की नळदुर्गच्या किल्ल्यात दोन प्रकारची गर्दी उसळते. एक माणसांची, पाणीमहालासमोरच्या कठड्यावर. दुसरी फोटोंची, जिल्ह्यातल्या यच्चयावत मोबाइलांमध्ये. नर आणि मादी हे दोन धबधबे बंधाऱ्यावरून कोसळायला लागल्याची बातमी फुटली की सोलापूर, उमरगा, तुळजापूर, लातूर, सगळीकडून गाड्या निघतात. संध्याकाळी सातच्या आत प्रत्येक व्हॉट्सॲप गटावर तोच किल्ला, तोच धबधबा, तेच काळं आभाळ. आणि जवळजवळ प्रत्येक फोटोत एक जादा बांधकाम असतं, जे दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळी झालेलं नाही. तटाच्या कडेनं, बुरुजाच्या कडेनं, बुरुजावर हात पसरून उभ्या असलेल्या भाच्याच्या डोक्याच्या कडेनं, एक पांढरीशुभ्र किनार फिरलेली असते. चुना मारून घेतल्यासारखी.

या किनारीबद्दल कुणी तक्रार करत नाही. उलट प्रतिक्रिया येते, ‘लै क्लिअर आलाय फोटो, कुठला मोबाइल हाय?’ ज्याचं कौतुक झालं तो मोबाइलचं नाव सांगतो आणि ॲपचं लपवतो.

ॲपमध्ये घडलेलं असतं ते असं. भाचा घरी येतो, चहा येईपर्यंत स्नॅपसीड उघडतो आणि ‘डिटेल्स’ नावाच्या कप्प्यात शिरतो. तिथं दोन गोष्टी असतात, ‘स्ट्रक्चर’ आणि ‘शार्पनिंग’. बोट उजवीकडं सरकवलं की आकडा वाढतो आणि शंभरावर थांबतो. भाचाही शंभरावरच थांबतो, कारण पुढं जाता येत नाही. मग तो फोटो साठवतो, एकदा निरखून बघतो, अजून थोडी कसर राहिली असं त्याला वाटतं आणि तो साठवलेला फोटो पुन्हा उघडून पुन्हा शंभर करतो.

धाराशिव जिल्ह्याला हा छंद इतरांपेक्षा जास्त महागात पडतो, त्याचं कारण भूगोलात आहे. इथलं पाहण्यासारखं जे काही आहे ते बहुतेक काळं, आणि त्याच्यामागं जे असतं ते उजळ. नळदुर्ग आणि परंडा हे दोन्ही किल्ले काळ्या बेसॉल्टचे आणि मागं उघडं आभाळ. तुळजापूरच्या पायऱ्यांवर आराधी बसलेले असतात, त्यांच्या गळ्यातल्या कवड्यांच्या माळा पांढऱ्या आणि मागचा दगड काळपट. उस्मानाबादी शेळी बहुतेक करून काळी कुळकुळीत, आणि तिला विक्रीच्या फोटोसाठी उभी करतात ती पांढऱ्या भिंतीपुढं. जिथं काळं आणि पांढरं एकमेकाला भिडतं, नेमका तिथंच शार्पनिंगचा हात चालतो. सगळंच मऊ आणि धूसर असलेल्या कोकणातल्या धुक्यात हा प्रकार एवढा उठून दिसला नसता.

नेमकं काय होतं ते बघायला पाणीमहालाजवळच्या एका बुरुजाची कडा घेऊ. फोटो म्हणजे ठिपक्यांच्या ओळी, आणि प्रत्येक ठिपक्याच्या उजेडाला 0 ते 255 मधला एक आकडा. 0 म्हणजे ठार काळं, 255 म्हणजे पांढरंफेक. बुरुजाचा दगड समजा 60 आहे आणि मागचं आभाळ 200. कडेवरून आडवं जाताना सहा ठिपके लागतात ते असे:

```
60   60   60   200   200   200
```

आता ॲप पहिली गोष्ट करतं ती तुमच्या अपेक्षेच्या बरोबर उलटी. ते या फोटोची एक पुसट नक्कल काढतं. प्रत्येक ठिपका आणि त्याचे डावे-उजवे शेजारी यांची सरासरी काढली की कडा विरघळते:

```
60   60   107   153   200   200
```

मग मूळ आकड्यातून हा पुसट आकडा वजा करतात. सपाट भागात काहीच उरत नाही, कारण तिथं मूळ आणि नक्कल सारखीच. फक्त कडेच्या दोन ठिपक्यांवर फरक उरतो: दगडाच्या बाजूला उणे 47, आभाळाच्या बाजूला अधिक 47. हा फरक मूळ फोटोत परत मिसळला की झालं शार्पनिंग:

```
60   60   13   247   200   200
```

दगड होता 60 चा, त्याची शेवटची रेघ झाली 13 ची, म्हणजे जवळजवळ काजळ. आभाळ होतं 200 चं, त्याची पहिली रेघ झाली 247 ची, म्हणजे जवळजवळ चुना. ती किनार हीच. एकदा मिसळलं तर एवढं. दीडपट मिसळलं तर हिशोब उणे 10 आणि 270 वर जातो. तसले आकडे अस्तित्वातच नसल्यामुळं ॲप ते 0 आणि 255 वर छाटून टाकतं. छाटलेलं परत मिळत नाही. भाच्यानं साठवलेल्या फोटोवर दुसऱ्यांदा शंभर केलं तेव्हा त्या रेघांत अजून वाढवण्यासारखं काही शिल्लकच नव्हतं, म्हणून ॲपनं शेजारच्या ठिपक्यांकडं मोर्चा वळवला.

या सगळ्या बेरीज-वजाबाकीत बुरुजाबद्दल एक अक्षरही नवी माहिती आलेली नाही. दगडावरचा जो टवका कॅमेऱ्याला दिसला नव्हता तो अजूनही दिसलेला नाही. फक्त काळ्याला सांगितलंय ‘तू अजून काळा हो’ आणि पांढऱ्याला सांगितलंय ‘तू अजून पांढरा’. योगायोग असा, की पाणीमहालावर एक फारसी शिलालेख आहे. 1613 साली मीर मुहम्मद इमादीन यानं हे काम पुरं केलं तेव्हाचा. त्याचा आशय साधारण असा सांगतात, की हे बांधकाम पाहून मित्रांचे डोळे उजळतील आणि शत्रूंचे डोळे काळवंडतील. कडेच्या एका बाजूला उजेड आणि दुसऱ्या बाजूला अंधार ही योजना म्हणजे चारशे वर्षांपूर्वीच दगडावर कोरून ठेवलेली आहे. ॲपवाल्यांनी तिचा फक्त शब्दशः अर्थ घेतला.

गंमत म्हणजे आपला डोळाही हाच उद्योग करतो. अर्न्स्ट माख या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञानं 1865 मध्ये दाखवलं, की करडा पट्टा आणि उजळ पट्टा जिथं मिळतात तिथं माणसाला उजळ बाजूस अजून उजळ आणि काळ्या बाजूस अजून काळी अशा दोन रेघा दिसतात, ज्या कागदावर नसतातच. पुढं हॅल्डन केफर हार्टलाइन यांनी नालेच्या आकाराच्या एका समुद्री प्राण्याच्या, हॉर्सशू क्रॅबच्या डोळ्यावर प्रयोग करून यामागची यंत्रणा उलगडली: डोळ्यातला उजेड पडलेला प्रत्येक भाग आपल्या शेजाऱ्याचा आवाज थोडा दाबतो. त्या कामाबद्दल त्यांना 1967 चं नोबेल वाटून मिळालं. म्हणजे शार्पनिंग डोळ्यात आधीच बसवून मिळतं, फुकट. त्यावर मोबाइल आपलं एक शार्पनिंग करतो, त्याच्या सेटिंगला हात लावायची सोय सहसा नसते. त्यावर भाच्याचं ॲप. बुरुज बिचारा एक आणि त्याला धार लावणारे तिघे.

ही युक्ती संगणकाच्या आधीची आहे, हे सांगितलं तर भाच्याचा विश्वास बसत नाही. फिल्मच्या जमान्यात निगेटिव्हवरून मुद्दाम पुसट अशी फिकट पॉझिटिव्ह फिल्म काढत. मधे काचेची जाडी ठेवली की ती आपोआप पुसट होई. मग मूळ निगेटिव्ह आणि ही पुसट फिल्म एकावर एक नेमकी बसवून प्रिंट काढत. मोठमोठे सपाट भाग एकमेकांना काटून टाकत, कडा शिल्लक राहत, आणि कडक कागदावर छापलं की चित्र खणखणीत दिसे. ऑस्ट्रेलियातल्या डेव्हिड मालिन यांनी याच पद्धतीनं दुर्बिणीच्या काचपट्ट्यांवरून आकाशगंगांचे बारकावे बाहेर काढले. फोटोशॉपमधल्या ‘अनशार्प मास्क’ या नावाचा उगम हाच. पण त्या काळी एका फोटोसाठी अर्धा दिवस अंधाऱ्या खोलीत काढावा लागे, त्यामुळं माणूस आपसूक थांबे. बोट सरकवायला अर्धा सेकंद लागतो.

पांढरी किनार निदान दिसते तरी. याच आजाराचं दुसरं लक्षण जास्त कपटी आहे: फोटो कुरकुरीत होतो. त्यासाठी नळदुर्ग सोडून शेळीकडं यावं लागतं.

उस्मानाबादी शेळी ही जिल्ह्याची शान. अंगानं उंच, लांब लोंबते कान, बहुतेक काळी, मांसासाठी नाव असलेली आणि जुळ्यांसाठीही. आजकाल सौद्याची पहिली फेरी मोबाइलवर होते. शेतकरी शेळीला गोठ्याच्या भिंतीपुढं उभी करतो, मुलगा फोटो काढतो आणि पाठवायच्या आधी जरा ‘उठाव’ देतो. काळं अंग हा कॅमेऱ्याला मोठा त्रास. उजेड कमी पोहोचतो, म्हणून मोबाइल आकडे ओढूनताणून वाढवतो, आणि त्यात दाणेदार खरखर येते. डोळ्याला ती जाणवत नाही इतकी बारीक असते. पण शार्पनिंगला केस आणि खरखर यातला फरक कळत नाही. त्याला फक्त शेजाऱ्यापेक्षा वेगळा असणारा ठिपका कळतो.

आकाशाचंच उदाहरण पुन्हा घेऊ. सगळे ठिपके 200 चे आहेत, मध्येच एक खरखरीचा ठिपका 203 चा. फरक 3 चा, म्हणजे कुणाला दिसणार नाही. दीडपट शार्पनिंग केलं की 203 चा होतो 206, आणि त्याचे दोन्ही शेजारी 198.5 वर घसरतात, कारण शेजारच्या उंचीमुळं त्यांची सरासरी वर गेलेली असते. फरक झाला साडेसात, म्हणजे अडीच पट. हेच सगळीकडं एकदम झालं की स्वच्छ आभाळाला पुरळ येतं आणि शेळीच्या मऊसूत पाठीचा तारेचा ब्रश होतो.

पुढं जे होतं ते सौद्यात. फोटोत प्रत्येक केस उभा. डोळ्याभोवती सुरकुत्या. कानावर खरुज असल्याचा भास. समोरचं गिऱ्हाईक फोन करतं, ‘भाऊ, शेळी आजारी हाय का?’

‘आजारी कशानं? दोन दाती हाय. तब्येत बघा की.’

‘तब्येत ठीकाय, पण आंग लै राठ दिसतंय.’

शेतकरी फोन ठेवून मुलाकडं बघतो. मुलगा म्हणतो, ‘आण्णा, क्लिअर केलाय फोटो.’ आण्णांचं यावरचं उत्तर मासिकात छापण्याजोगं नसतं.

तोच प्रकार लग्नाच्या अल्बमात. नवरीच्या मावशीचं वय एका रात्रीत दहा वर्षांनी वाढतं, कारण गालावरची प्रत्येक लव, पावडरचा प्रत्येक कण आणि कॅमेऱ्याची खरखर यांना सारखाच न्याय मिळालेला असतो. तुळजापुरातला एखादा अनुभवी स्टुडिओवाला हे ओळखून चेहरा वगळतो. फक्त डोळे, दागिने आणि साडीच्या काठावर हात चालवतो. नवशिका आधी सगळ्या फोटोला शार्प मारतो, मग चेहरा खडबडीत झाला म्हणून त्यावर ‘स्मूथ’ मारतो. परिणामी मावशीचा चेहरा मेणाचा, आणि तिच्या केसांभोवती पांढरी किनार. दोन्ही दुरुस्त्या एकमेकींना न भेटता आपापल्या जागी उभ्या राहतात.

आता मुख्य प्रश्न असा, की भाचा काही आंधळा नाही. मग त्याला किनार दिसत का नाही? कारण तो बघतो तो फोटो वेगळा असतो. मोबाइलचा साधा 12 मेगापिक्सेलचा आडवा फोटो 4000 ठिपके रुंद. उभ्या धरलेल्या मोबाइलचा पडदा साधारण 1080 ठिपक्यांचा. म्हणजे पडद्यावर फोटो पावणेचार पट आकसून दिसतो. तीन ठिपक्यांची किनार पडद्यावर एका ठिपक्यातही मावून जाते आणि डोळ्याला ती किनार म्हणून नाही तर फक्त ‘क्लिअर’ म्हणून जाणवते. भाचा बोट सरकवत राहतो, पडद्यावर फरक दिसेपर्यंत. फरक दिसतो तेव्हा खऱ्या फोटोची गाडी कधीच खड्ड्यात गेलेली असते.

खरं तर शार्प दिसणारा प्रत्येक फोटो किनारीवरच उभा असतो. चांगल्या कारागिराच्या फोटोतही ती असते, फक्त बघणाऱ्याच्या डोळ्याला वेगळी काढता येणार नाही इतकी बारीक. निरोगी डोळा ढोबळमानानं एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा बारकावा वेगळा काढतो. हातात धरलेल्या अल्बमपासून डोळा फूटभर लांब असतो. तेवढ्या अंतरावर हा बारकावा 0.09 मिलिमीटरच्या आत-बाहेर येतो, आणि इंचाला 300 ठिपके या हिशोबानं छापलेल्या अल्बमातला एक ठिपका जवळपास तेवढाच. म्हणून अल्बमात एका ठिपक्याची किनार खपून जाते, आणि चार ठिपक्यांची पकडली जाते.

आणि मग येतो फ्लेक्स.

जिल्ह्यातल्या कुठल्याही चौकात मान वर केली की कुणाचा तरी वाढदिवस असतो. कार्यकर्ता फ्लेक्सच्या दुकानात येतो तो रात्री नऊला, आणि फ्लेक्स हवा असतो सकाळी सातला. दुकानातला पोरगा कोरल उघडून बसलेला.

‘भैय्या, दादांचा नळदुर्गचा फोटो टाकायचाय. मागं बुरूज पायजे.’

‘पाठवा की सर.’

फोटो येतो. पोरगा तो मोठा करून बघतो आणि उसासा टाकतो. ‘सर, ह्यो स्टेटसचा स्क्रीनशॉट हाय.’

‘तेवढाच हाय. तू क्लिअर कर की जरा. तुला येतंय ते.’

या एका फोटोचा आजवरचा प्रवास बघण्यासारखा आहे. दादांच्या मोबाइलनं काढतानाच शार्प केला. पुतण्यानं ॲपमध्ये शार्प केला. व्हॉट्सॲपनं पाठवताना लहान केला आणि दाबला. दाबताना फोटोचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पडतात आणि कडांभोवती बारीक तरंग उठतात. जेपेगची ती रीतच आहे. कुणीतरी स्क्रीनशॉट घेतला, तो परत फिरला, परत दाबला गेला. आता त्यावर दुकानातला पोरगा शार्प मारणार. चौकोनांच्या कडा या त्याच्या प्रोग्रामच्या दृष्टीनं कडाच, त्यामुळं त्याही धारदार होणार. दादांच्या कपाळावर फरशी बसते ती अशी.

माप बघू. स्क्रीनशॉटमधला फोटो समजा 900 ठिपके रुंद आणि फ्लेक्स 10 फुटांचा. 10 फूट म्हणजे 3048 मिलिमीटर. एकेक ठिपका छापताना जवळपास 3.4 मिलिमीटरचा होतो. तीन ठिपक्यांची किनार झाली सेंटिमीटरभर. रस्त्याच्या पलीकडं वीस फुटांवर उभ्या असलेल्या माणसाचा डोळा पावणेदोन मिलिमीटरपर्यंतचं वेगळं काढू शकतो. त्याला दादांच्या डोक्याभोवती बोटभर जाडीचं पांढरं कडं स्वच्छ दिसतं. दादा खूश होतात, हा भाग निराळा. देवादिकांच्या मागं प्रभावळ असते, ती आपल्यालाही आली यात गैर काय, असा सौम्य विचार त्यांच्या मनात येऊन जात असावा. याउलट मूळ 4000 ठिपक्यांचा फोटो मिळाला असता तर एक ठिपका पाऊण मिलिमीटरचा पडला असता. दोन ठिपक्यांची किनार दीड मिलिमीटरची, वीस फुटांवरून न दिसणारी. फ्लेक्स खणखणीत दिसला असता आणि का ते कुणाला कळलं नसतं.

किनार नेमकी कुठल्या करणीमुळं आली हे ओळखायच्या काही खुणा आहेत. रेघ बारीक, सलग आणि एकसारख्या जाडीची असेल, दगडाच्या आतल्या बाजूला तेवढीच काळी जोडरेघ असेल, तर ती शार्पनिंगची. बुरुजाभोवती आभाळ दूरपर्यंत उजळलेलं आणि मग हळूहळू गडद होत गेलेलं असेल, तर तो स्ट्रक्चरचा किंवा एचडीआरचा प्रताप. तत्त्व तेच, फक्त पुसट नक्कल काढताना शेजारी जवळचे न घेता शेकडो ठिपके लांबचे घेतलेले. रेघ जांभळी किंवा हिरवी असेल तर दोष भिंगाचा, भाच्याला बोल लावू नये. आणि कधीकधी किनार अस्सल असते. सूर्य मावळतीला बुरुजामागं गेला की कडा खरोखरच चमकते. पण ती चमक दगडावर पडते. शार्पनिंगची किनार दगडाच्या बाहेर, आभाळात असते. आभाळाला कडेनं उन्हं लागल्याचं अजून तरी कुणी पाहिलेलं नाही. विजेच्या तारा हा सगळ्यात सोपा पुरावा: तारेच्या दोन्ही बाजूंनी पांढरी पट्टी दिसली की पुढं काही तपासायची गरज नाही.

सुधारायचं झालं तर काम फार नाही, पण त्याला क्रम आहे. तोच नळदुर्गचा फोटो घ्या, मूळचा, व्हॉट्सॲपवरून न आलेला. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर तो न दाबता येतो, एवढं भाच्याला समजावलं तरी निम्मी लढाई संपते. आधी उजेड, रंग, काटछाट. मग फोटो ज्या मापात जाणार त्या मापात आणायचा. शार्पनिंग सगळ्यात शेवटी, कारण त्यानंतर माप बदललं की किनारीची जाडीही बदलते. पडद्यावर फोटो शंभर टक्क्यांवर बघायचा, म्हणजे फोटोचा एक ठिपका पडद्याच्या एका ठिपक्यावर. बसवून आकसलेला नव्हे.

फोटोशॉपच्या अनशार्प मास्कमध्ये तीन घरं असतात. ‘रेडियस’ म्हणजे पुसट नक्कल काढताना शेजारी किती लांबपर्यंतचे धरायचे. किनारीची जाडी हेच घर ठरवतं. वरच्या हिशोबात दोन्हीकडचा एकेक शेजारी धरला तेव्हा दोन्ही बाजूंना एकेक ठिपका बिघडला; दोन-दोन धरले असते तर दोन-दोन बिघडले असते. बुरुजासाठी 0.6 ते 1 पुरतो. ‘अमाउंट’ म्हणजे फरक किती मिसळायचा. हे घर 500 पर्यंत जातं, याचा अर्थ तिथवर जावं असा नाही. 80 ते 100 पासून सुरुवात करून नजर ठेवावी. ‘थ्रेशोल्ड’ म्हणजे किती फरकाच्या खाली हात लावायचा नाही. 4 ठेवला की आभाळातला तो 203 चा ठिपका सुटतो आणि पुरळ येत नाही. लाइटरूम वापरणाऱ्यांना हेच काम ‘मास्किंग’ करून देतं: पट्टी सरकवताना ऑल्ट कळ दाबून धरली की पडद्यावर पांढऱ्या भागात शार्पनिंग होणार आणि काळ्या भागात नाही असा नकाशाच दिसतो. आभाळ पूर्ण काळं होईपर्यंत सरकवायचं. शेळीची पाठ काळी, डोळा आणि शिंगं पांढरी राहिली की आण्णांचा सौदा वाचला.

काळ्या किल्ल्यासाठी एक जादा युक्ती आहे, आणि जुने हात ती आवर्जून करतात. किनार दुहेरी असते, पण दोन्ही रेघा सारख्या खुपत नाहीत. काळी रेघ काळ्या दगडात मिसळून जाते. पांढरी आभाळात बोंबलत बसते. म्हणून शार्प केलेल्या थराच्या दोन प्रती करायच्या. एकीचा मोड ‘डार्कन’, म्हणजे ती फक्त काळं करण्याचं काम करेल, आणि ती पूर्ण ठेवायची. दुसरीचा ‘लाइटन’, आणि तिची अपारदर्शकता तीस-चाळीस टक्क्यांवर आणायची. आपल्या हिशोबात निम्म्या जोरानं शार्प केलं तर दगडाची रेघ 60 वरून 37 वर उतरते आणि आभाळाची 200 वरून 223 वर चढते. ती 23 ची चढण चाळीस टक्क्यांवर आणली की 209 उरते. दगड कडक दिसतो, आभाळ शांत राहतं.

जे मुळात हललेलं आहे त्याला मात्र यातलं काहीच लागू पडत नाही. धबधब्यापुढं उडी मारताना टिपलेल्या भाच्याच्या तीन कडा असतात, शार्पनिंग त्या तिन्हींना सारखीच किनार लावून देतं आणि एका भाच्याचे अडीच भाचे होतात. फोकस चुकून मागच्या झुडपावर गेला असेल तर शार्पनिंग झुडपाचं काटेकोर पान न् पान दाखवतं आणि पुढचे दादा आहेत तसेच राहतात. तिथं फोटो परत काढणं हा एकच इलाज, आणि वाढदिवस उद्या सकाळी असतो.

फ्लेक्सच्या दुकानातल्या पोराला हे सगळं माहीत असतं, असा अनुभव आहे. त्यानं रात्री मूळ फोटो मागवून घेतला, माप बसवलं, हलक्या हातानं धार लावली, दादांच्या कपाळावरच्या फरशा काढल्या आणि नमुना कार्यकर्त्याच्या मोबाइलवर पाठवला. उत्तर लगेच आलं: ‘भैय्या, ह्यो जरा डल वाटतोय. पहिला क्लिअर व्हता.’ पोरानं घड्याळ बघितलं. साडेअकरा वाजले होते आणि छपाईची मशीन गरम होती. त्यानं तोच नमुना जरा जास्त शार्प मारून मोबाइलवर दाखवायला पाठवला, ‘आता एक नंबर’ असा होकार आला, आणि छापायला त्यानं आधीचीच फाइल लावली.